काट्यावरचं वजन आणि बारवरचं वजन: चरबी घटवतानाचा माझा अनुभव

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात दोघांनी वजन कमी करायला घेतलं. एक मी आणि दुसरा माझा मेहुणा. त्याचं लग्न ठरलं होतं, तारीख जवळ होती, त्यामुळे त्याला घाई होती. मला तशी घाई नव्हती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, दिवसाचा बराच वेळ उभं राहण्यात आणि उरलेला टेबलाशी बिलं करण्यात जातो. वजन ८८ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, कंबर ४० इंच. लहानपणी तालमीत अंग कमावलेलं, त्यातलं जे शिल्लक होतं ते या वयात घालवायचं नाही, एवढं मात्र मी पक्कं ठरवलं होतं. चाळिशीनंतर गेलेला स्नायू परत मिळवायला किती घाम गाळावा लागतो, हे आमच्या व्यायामशाळेत रोज बघतो.

मेहुण्याने जेवण जवळजवळ निम्म्याखाली आणलं. सकाळी फळ, दुपारी काकडी-टोमॅटो आणि ताक, रात्री पातळ सूप. व्यायामशाळेत येणं चालूच होतं. महिन्याभरात ७९ चे साडेएकाहत्तर झाले. "दाजी, साडेसात किलो गेलं बघा!" तो आनंदाने सांगायचा. त्याच महिन्यात माझं जेमतेम दीड किलो उतरलं होतं. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, की त्याचंच बरोबर आहे.

मग एका रविवारी आम्ही दोघांनी वही घेऊन हिशेब मांडला. तो इथे सविस्तर देतो, कारण कमी खाण्याचा आणि उपाशी राहण्याचा फरक मला त्या हिशेबातच नीट दिसला.

त्याच्या शरीराला वजन टिकवायला दिवसाला अंदाजे २२५० कॅलरी लागत होत्या आणि तो खात होता हजार-साडेदहाशे. म्हणजे रोजची तूट १२०० च्या आसपास, आणि चार आठवड्यांची मिळून ३३ हजार ६०० कॅलरी. शरीरातली एक किलो चरबी साधारण ७७०० कॅलरी देते. सगळी तूट चरबीनेच भरली असती, तरी ४.४ किलोच जायला हवे होते. गेले साडेसात. मग वरचे तीन किलो कसले?

त्यातला एक भाग पाण्याचा. स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतं. जेवण एकदम तोडलं की हा साठा पहिल्या काही दिवसांत रिकामा होतो आणि दीड-दोन किलो नुसते त्यातच जातात. हे नुकसान नाही, जेवायला लागलं की परत भरतं. पण दोन किलो पाण्याचे धरले तरी साडेपाच किलो उरतात, आणि ते सगळे चरबीचे असूच शकत नाहीत, कारण तेवढी तूटच नव्हती.

इथे काट्याची खरी गोम आहे. स्नायूच्या किलोत बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे एक किलो स्नायू जळला तर शरीराला फक्त १८०० कॅलरीच्या आसपास मिळतात, चरबीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. तेवढीच तूट भरायला स्नायूचे किलो चौपट जास्त जातात. म्हणून ज्याचा स्नायू झडतोय, त्याचा काटा जास्त जोरात खाली येतो. साडेपाच किलोचा हिशेब या दोन आकड्यांनी सोडवला, तर साधारण चार किलो चरबी आणि दीड किलो बिनचरबीचं वस्तुमान गेलं असं निघतं. हे गणित ढोबळ आहे. उपाशी शरीर खर्चही कमी करतं, म्हणजे खरी तूट आम्ही धरली त्याहून कमीच असणार आणि चरबीचा वाटाही तेवढाच खाली येणार. शिवाय ते दीड किलो म्हणजे सगळा स्नायूच, असंही म्हणता येत नाही.

वहीवर विश्वास नको म्हणून बारकडे, म्हणजे वजनं लावून उचलायच्या दांड्याकडे बघितलं. महिन्यापूर्वी तो बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलताना, ६० किलो आठ वेळा मारायचा. त्या आठवड्यात ५० किलोला सहाव्या रेपला, म्हणजे सहाव्यांदा उचलताना, हात थरथरून बार छातीवर आला, मी मागे उभा होतो म्हणून उचलून घेतला. कंबर मात्र ३८ वरून साडेछत्तीसवर, म्हणजे दीडच इंच. साडेसात किलोंच्या मानाने हा इंच-दीड इंच मला फार कमी वाटला.

असं का होतं, हे आमच्या वस्तादांनी समजावलं आणि नंतर मी वाचून खात्री केली. स्नायूतलं प्रथिन रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. खाणं कमी झालं की बांधकाम मंदावतं. वजन उचलणं आणि पुरेसं प्रथिन ही दोन्ही मिळून ते पुन्हा वर आणतात, आणि तूट लहान असेल तर तेवढ्याने भागतं. तूट मोठी झाली की खाल्लेलं थोडंफार प्रथिनसुद्धा इंधन म्हणूनच जळतं. त्यात मेंदूला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. भाकरी-भात बंद केला तर यकृत ते घडवतं, आणि त्याचा बराचसा कच्चा माल प्रथिनातून येतो. काही दिवसांनी मेंदू चरबीपासून बनणारे कीटोन इंधन म्हणून वापरायला लागतो आणि ही ओढ कमी होते, थांबत मात्र नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अंगात ताकद नसली की बारवरचं वजन उतरतं, आणि बार हलका झाला की स्नायू टिकवायचा निरोपच शरीराला पोचत नाही.

चरबीही दिवसाला किती ऊर्जा सोडू शकते याला मर्यादा आहे. अंगावर चरबी जास्त, तर मर्यादा मोठी. म्हणून खूप स्थूल माणसाला जी तूट पचते, ती मेहुण्यासारख्या आधीच बेताच्या अंगाच्या पोराला पचत नाही. २०११ साली नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.७ टक्के आणि दुसऱ्याने १.४ टक्के वेगाने उतरायचं, असं ठरलं होतं. व्यायाम दोघांनाही भारी वजनांचा. शेवटी दोन्ही गटांचं वजन सारखंच, साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरलं. पण सावकाश उतरणाऱ्यांचं बिनचरबीचं वस्तुमान दोन टक्क्यांनी वाढलं होतं, घाईवाल्यांचं जिथल्या तिथे राहिलं, आणि चरबीही सावकाशवाल्यांचीच जास्त गेली होती.

आता माझी पद्धत. आधी पंधरा दिवस नेहमीसारखंच जेवलो, फक्त सगळं लिहून ठेवलं. रोज सकाळी वजन केलं आणि आठवड्याची सरासरी काढली. सरासरी हलली नाही, म्हणजे जे खात होतो तीच माझी गरज. ती २४०० च्या जवळ आली. सूत्रातूनही जवळपास तेवढीच निघत होती. त्यातून ४०० वजा केले आणि २००० वर थांबलो.

चारशे काढायला पंगतीतून उठावं लागलं नाही. रात्री गंगावेशीत म्हशीच्या धारोष्ण दुधाचा मोठा ग्लास व्हायचा, त्यातच तीनशेच्या आसपास कॅलरी असतात. तो आठवड्यातून एकदाच ठेवला. दुपारच्या तीन भाकऱ्यांच्या दोन केल्या. बायकोने एकदा भाकरीचं पीठ तोलून बघितलं, तर एका भाकरीला ७० ग्रॅम, म्हणजे अडीचशेच्या आत-बाहेर कॅलरी. (तोलायचं तर कोरडं पीठ तोला, मळलेला गोळा पाणी धरतो आणि आकडा फसवतो.) हे दोन्ही मिळून साडेपाचशेच्या घरात गेलं, तेव्हा वरचे दीडशे प्रथिनाला मोकळे झाले.

प्रथिन मी ७८ किलो या ध्येयाच्या वजनावर धरलं, किलोला १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सव्वाशे. सकाळी तीन अंडी आणि वर दोन पांढरे, दुपारी मटकीची उसळ आणि वाटीभर घट्ट दही, संध्याकाळी ४० ग्रॅम सोयाबीन वड्या, रात्री दीडशे ग्रॅम चिकन आणि वरण. भाकरीतलं आणि एक कप गाईच्या दुधातलं धरून सव्वाशे होतं. रविवारचं मटण सोडलं नाही. फोडी तेवढ्याच घेतल्या, तांबड्यावरचा कट बाजूला केला आणि पांढरा रस्सा अर्धी वाटी, कारण त्यात नारळाचं दूध असतं.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट आणि रोइंग. वजन कमी करताना हलकी वजनं खूप वेळा मारायची, ही समजूत सगळीकडे आहे. मी उलट केलं. बारवरचं वजन तेच ठेवलं आणि दमणूक वाटली तेव्हा एखादा सेट कमी केला. एखाद दिवशी झोप झाली नाही म्हणून रेप कमी भरले, तर ते मनावर घेतलं नाही. पण दोन आठवडे सलग सगळ्याच लिफ्ट घसरल्या तर तूट मोठी झाली असं समजून रोज दीडशे-दोनशे कॅलरी वाढवायच्या, हा नियम होता. एकदा वर्कशॉपला ऑर्डरची धावपळ होती, चालणं-उभं राहणं वाढलं आणि तसंच झालं. रोज दोन केळी वाढवली, पंधरवड्यात बार पूर्ववत झाला.

पाचेक महिन्यांत ८८ वरून साडेएक्याऐंशीवर आलो. कंबर साडेछत्तीस, आणि बेंचला तेच ६५ किलो, तेवढेच रेप. शरीराची रचना दाखवणाऱ्या मशीनवर मी विसंबलो नाही, कारण ती पाण्यावर हलते आणि आदल्या रात्री काय खाल्लं त्यावर आकडा बदलते. टेप, काटा आणि बार या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की पुरतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवण थोडं कमी केलं तरी साखर खाली जाऊ शकते, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनाचा आकडाही त्यांनीच ठरवायचा. फार मोठा लठ्ठपणा असेल तर डॉक्टर कधी कधी अगदी कमी कॅलरीचा आहारही देतात, पण तो त्यांच्या देखरेखीखाली असतो. आणि नुसती लहान तूट ठेवून वजन उचललंच नाही, तर स्नायू तरीही जातो, फक्त सावकाश.

मेहुणा लग्नाआधी पंधरा दिवस पोटभर जेवला, काट्यावर दोन किलो वाढले आणि तो घाबरला. ते पाणी आहे, टेप लावून बघ म्हटलं. कंबर तेवढीच होती. लग्नानंतर तोही तीनशेच्या तुटीवर आला आहे, आणि बेंच परत ५५ वर आणला आहे.