चार पानं आणि एक पिंप

लग्नसमारंभांचं सूत्रसंचालन करता करता लोकांची भाषणं लिहून देण्याचं कामही माझ्याकडे आलं. त्यातलं रिसेप्शनचं भाषण सगळ्यात अवघड, कारण ऐकणारा जागेवर बसलेलाच नसतो. तो आहेराचं पाकीट खिशात चाचपत स्टेजच्या रांगेत उभा असतो, नाहीतर बुफेकडे डोळा ठेवून असतो. दादरच्या एका हॉलमधल्या रिसेप्शनसाठी नवरदेवाच्या ताईने मला फोन केला तेव्हा मी हे आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, लिहून झालंय. फक्त जरा ठीकठाक करा."

लिहून झालं होतं ते व्हॉट्सॲपवर, रात्री-बेरात्री, सुचेल तसं. छापलं तर चार पानं भरली, साडेअकराशे शब्दांच्या आसपास. माइकवर न घाबरता, थांबत थांबत बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे अकरा मिनिटं. रिसेप्शनमध्ये माझ्या मते तीन मिनिटं मिळतात, चौथ्या मिनिटाला गप्पा सुरू होतात.

त्यातला एक तुकडा असा होता: "छोटू लहानपणापासून खूप मनमिळाऊ आणि मेहनती, दहावीला गणितात काठावर पास, गोव्याची ट्रिप सांगू का नको बघा, बाबांच्या आजारपणात त्याने खूप केलं, माझ्या बारावीच्या वेळी पाणी पण त्यानेच भरलं होतं, आणि तो खूप प्रेमळ आहे, त्याला मोदक आवडतात..."

अशा मजकुरात मी आधी विशेषणं खोडते. मनमिळाऊ, मेहनती, प्रेमळ हे कुठल्याही नवरदेवाला चिकटतं. मग उरतं ते बघायचं. इथे "पाणी पण त्यानेच भरलं" हे चार शब्द जाता जाता आले होते, पण सबंध चार पानांत छोटूने काहीतरी *केल्याचं* डोळ्यांपुढे उभं राहील असं तेवढंच होतं. मी फोन लावला आणि फक्त त्याबद्दल विचारलं. कुठलं पाणी, किती वाजता, तो केवढा होता, तुम्हाला कळलं कसं? ताई वीस मिनिटं बोलल्या. मी मध्ये न बोलता लिहून घेत होते, कारण माणूस सांगतो तेव्हा वाक्यं आपोआप छोटी येतात. त्याच ताई टाइप करायला बसल्या की 'त्याचप्रमाणे' आणि 'मोलाचे सहकार्य' सुरू होतं.

दुसरी अडचण नवरीची. ती तिसऱ्या पानावर यायची आणि "खूप छान मुलगी आहे" एवढ्यावर संपायची. मुलीकडची माणसं तिचं नाव कधी येतं याचीच वाट बघत असतात, अर्धा हॉल त्यांचा असतो. मी विचारलं, "ही आपल्या घरातली आहे असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?" ताई जरा थांबल्या, आणि जे सांगितलं ते नेमकं छोटूने भरलेल्या पाण्याच्या पिंपाशीच येऊन पोचलं. दोन्ही प्रसंग हातात आल्यावर बाकी सगळं सोडता आलं. गोवा तर गेलंच. मुलीच्या आजीला शेजारी बसवून जे सांगता येणार नाही ते माइकवर सांगायचं नाही, एवढी एकच चाळणी मी लावते.

भांडण झालं ते बाबांवरून. आजारपणावर अर्धं पान होतं, मी एक ओळ ठेवली. ताई दुखावल्या. "बाबांचं एवढंसंच?" मी म्हटलं, "ते अर्धं पान आत्ता मला मोठ्याने वाचून दाखवा." दुसऱ्या वाक्याला त्यांचा गळा भरला आणि पुढचं मला काहीच कळलं नाही. गळा भरणारच, त्याची सोय करून ठेवायची. म्हणून ती ओळ शेवटी न ठेवता मधे घेतली, आणि तिच्यामागे पाण्याचं एक साधं, कोरडं वाक्य लावलं. ते कुठल्याही आवाजात म्हणता येतं आणि म्हणता म्हणता आवाज परत येतो.

आणि 'टोस्ट'. दुबईहून येणाऱ्या आत्येभावाने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की शेवटी ग्लास उंच करायचा. आपल्याकडे हॉलमध्ये कुठला ग्लास? पण दारात कोकम सरबत देणार होते. मग भाषण जोडप्याच्या एन्ट्रीनंतर लगेच, स्टेजची रांग सुरू व्हायच्या आधी घेतलं. तेव्हा लोकांच्या हातात ते ग्लास असतात आणि तोंडं स्टेजकडे असतात. जाड कार्डावर मोठ्या अक्षरांत हे लिहून दिलं:

"नमस्कार. मी नवरदेवाची ताई.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. पाणी पहाटे चारला यायचं, पाचला जायचं. मजल्यावर नळ एकच. माझी बारावी होती तेव्हा हा पाचवीत. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री मी गजर लावून झोपले. जाग आली ती सहाला. धावत मोरीत गेले, तर पिंप काठोकाठ. आणि हा बाजूला, ओल्या कपड्यांत झोपलेला. माझा गजर बंद करून कळशी कळशीने पाणी भरलान्. परीक्षा संपेपर्यंत रोज भरलान्. आजवर कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून आज मी बोलतेय.

बाबा असते तर हेच त्यांनी सांगितलं असतं, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

आता आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं. तरी आई पिंप भरून घेते. येणारे जाणारे हसतात. ही पहिल्यांदा घरी आली तेव्हा हसली नाही. तिने विचारलं, 'हे रोज कोण भरतं?' हा म्हणाला, 'मी.' ही म्हणाली, 'मग रविवारी मी भरेन.'

तुला एक सांगते. हा तोंडाने काही बोलणार नाही. तू पिंप बघत जा.

मंडळी, हातातलं सरबत जरा वर करा. या दोघांच्या सुखासाठी!"

'भरलान्' हे ताईंच्या घरचं, रत्नागिरीकडचं. मी त्याला हात लावला नाही. फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं की दोन-तीन मिनिटं स्टेजवर कुणाला चढवू नकोस, आणि साउंडवाल्याला की मागची सनई पूर्ण बंद कर, नुसती हळू नको. ताईंनी फोन हातात घ्यायचा हट्ट केला होता, तो मी मानला नाही. वाचता वाचता फोन आला की संपलं.

बाबांच्या ओळीवर त्या थांबल्याच. हॉल थांबला. मी खालून बोटाने पुढची ओळ दाखवली. "आता आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं" हे त्यांनी जवळजवळ रागावल्यासारखं म्हटलं आणि लोक खळखळून हसले. तिथून गाडी सुरळीत. 'रविवारी मी भरेन'ला मुलीकडच्या खुर्च्यांतून टाळ्या आल्या. छोटू मान खाली घालून बुटांकडे बघत होता. सरबत वर गेलं, दोन-तीन सदऱ्यांवर सांडलंही.

मी माइक घ्यायला पुढे झाले, तेवढ्यात नवरदेवाचे काका स्टेजच्या पायरीवर. "मला पण दोन शब्द बोलायचेत," म्हणून त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले. घडी चांगली जाडजूड होती. मी म्हटलं, "काका, बोला ना, पण हे सगळे तुमच्यासाठी थांबतील का विचारा," आणि स्टेजची रांग दाखवली. ती तोवर दारापर्यंत गेली होती. काकांनी रांगेकडे बघितलं, कागद परत खिशात घातले, आणि फोटोसाठी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले.