पहिला नंबर आला होता ना, मग?

"तुम्ही पतसंस्थेत हिशेब लिहिता, क्रिकेट कळतं, फॅन्टसीत एकदा चक्क पहिले आलात. मग एकूण तोट्यात कसे?"

तुम्ही विचारलंत म्हणून. साडूंनी विचारलं, ऑफिसात विचारलं, आमच्या बारशाला आलेल्या एका अनोळखी गृहस्थांनीही विचारलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशाच्या स्पर्धा बंद झाल्या, तरी विचारणं काही बंद झालेलं नाही. आता एकदाच सांगतो.

फॅन्टसी म्हणजे ॲपवर फी भरून खऱ्या सामन्यातले अकरा खेळाडू निवडायचे, त्यांच्या खेळावर आपल्या टीमला गुण, आणि गुणांवर नंबर. आधी ती पहिल्या नंबरची रात्र. 2023 ची आयपीएल. प्रवेश 49 रुपये, जागा 10,000, बक्षिसं एकूण चार लाख, पहिल्याला 50,000. सामना संपला आणि माझ्या टीमपुढे 1 आकडा आला. मी स्क्रीनशॉट काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत साडूंचा फोन, "पेढे कधी?" पत्नी झोपेतून उठून बाहेर आली.

मग मी तो आकडा नीट पाहिला. माझ्या खाली दुसऱ्या टीमपुढेही 1 होता. तिसऱ्याही. मोजले तर आम्ही आठ जण. तेच अकरा खेळाडू, तोच कॅप्टन, तोच व्हाइस कॅप्टन. टॉसनंतर संघ जाहीर झाले, सगळ्यांना जे सुचलं तेच मलाही सुचलं होतं, आणि मी त्याला अभ्यास म्हणत होतो. अशी बरोबरी झाली की पहिल्या आठ नंबरांची बक्षिसं एकत्र करून आठांत वाटायचे. ती रक्कम होती 1,10,400. माझ्या वाट्याला आले 13,800.

चूक इथे झाली, आणि ती गणिताची नव्हती. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. साडूंनी नातेवाइकांत 50,000 सांगितले, मी नुसता हसलो. पत्नीला दोन दिवसांनी खरं सांगितलं. ती म्हणाली, "तेरा हजार काय कमी आहेत? मग लपवायचं कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्यातले पाच हजार काढले, बाकीचे वॉलेटमध्येच राहू दिले. राहू दिले म्हणजे खेळलो.

आता हिशेब. 10,000 जणांचे 49 म्हणजे 4,90,000 जमा. वाटप 4,00,000. मधले 90,000 कंपनीचे, म्हणजे शंभरातले अठराच्या थोडे वर. एका जागेमागे सरासरी 40 रुपये परत येतात. हे कुणी लपवलेलं नव्हतं. प्रवेश फी, जागा आणि बक्षिसांची रक्कम तिन्ही स्क्रीनवर होते, गुणाकार तेवढा आपण करायचा होता. मी तो पहिल्याच आठवड्यात केला होता. तेव्हाचा मी म्हणायचो, सरासरी सामान्य माणसाची, माझी वेगळी. हा कौशल्याचा खेळ आहे असं मुंबई उच्च न्यायालयानेही 2019 मध्ये म्हटलं होतं, ते मी लोकांना ऐकवायचो. पण कौशल्य असलं तरी नुसतं सरासरीपेक्षा बरं असून भागत नाही. 40 चे 49 करायला सरासरीपेक्षा साडेबावीस टक्के जास्त कमवावं लागतं, आणि तेव्हा कुठे खिसा जिथल्या तिथे.

शिवाय ते 40 देखील सगळ्यांना सारखे येत नाहीत. त्या स्पर्धेत पहिल्या दहांना मिळून 1,20,000 होते. ते बाजूला काढा, उरलेल्या 9,990 जागांना सरासरी 28 रुपये पडतात. वर लिहिलेलं असायचं "50 टक्के विजेते". त्या विजेत्यांतल्या बहुतेकांना, हजाराव्या नंबरानंतर पाच हजाराव्यापर्यंत, बरोबर 49 मिळायचे. आपलेच 49 परत, आणि स्क्रीनवर "अभिनंदन, तुम्ही जिंकलात". ते 49 पुढच्या सामन्यात गेले की त्यांच्यावर पुन्हा अठरा टक्के. हजार रुपये असे तीनदा फिरले की सरासरीने 544 उरतात, आणि मधल्या काळात आपण दोन-तीनदा "जिंकलेलो" असतो.

फायद्याची जागा कधी नव्हतीच असं मात्र नाही. "गॅरंटीड" लिहिलेली स्पर्धा भरली नाही तरी बक्षिसं पूर्ण वाटावी लागायची. या हिशेबाने 8,164 पेक्षा कमी जागा गेल्या तर तोटा कंपनीचा. मी परदेशातल्या एका लीगच्या सामन्याची अशी स्पर्धा पाहिली, 7,600 जागांवर थांबलेली. तिथे जागेमागे सरासरी 52 रुपये पडत होते! मी लगेच टीमा टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्याच लीगची मोठी स्पर्धा 6,000 जागांची निघाली, बक्षिसंही त्याच मानाने कमी, आणि ती टॉसनंतरच्या अर्ध्या तासात भरून गेली. जागा किती ठेवायच्या हे ठरवणारा माणूस माझ्यापेक्षा हुशार होता, आणि त्याला पगार मिळत होता.

करामुळे बुडालात का, असंही विचारतात. ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पैशांवर 28 टक्के जीएसटी आला. शंभर भरले की त्यातले जवळपास 22 कराचे. पण माझ्या ॲपवर तेवढे बोनस म्हणून परत मिळायचे, त्यामुळे माझ्या तोट्याला तो कारण नाही. दोष ढकलायला तो बरा होता, एवढंच.

माझी वही सांगतो. 2023 आणि 2024 या दोन आयपीएल मिळून अशाच स्पर्धांत 1,240 टीमा. सामन्याला कधी पाच, कधी अकरा. जास्त टीमा टाकल्या की संधी वाढते हे खरं, फीही तितक्याच पट वाढते, आणि जागेमागचे 40 आहेत तिथेच राहतात. गेले 60,760. आले 48,600, त्या 13,800 सकट. तोटा 12,160. जागेमागे 39 रुपये आणि काही पैसे. म्हणजे खेळपट्टीचे अहवाल, फलंदाजांचे डावखुऱ्या गोलंदाजीसमोरचे आकडे, रात्रीचं दव, एवढं सगळं करून मी सरासरीच्या एक रुपया खाली. ती एक रात्र काढली तर 28.

तेव्हाचा मी इथे हात वर करतो. म्हणतो, मोठ्या स्पर्धा सोड, दोघांच्या स्पर्धांचं बोल. बोलतो. 115 रुपये प्रत्येकी, जिंकणाऱ्याला 200. तिथे कापायचे तेरा टक्के, म्हणून शंभरात साडेसत्तावन्न जिंकावे लागायचे. मी 2024 मध्ये अशा 40 खेळलो आणि 23 जिंकलो. गेले 4,600, आले 4,600.

तो म्हणतो, बघ, जमत होतं, 40 म्हणजे काहीच नाही, अजून चारशे खेळायला हवे होते. मी म्हणतो, चारशेंत तेवीसच्या जागी वीसचं प्रमाण पडलं असतं तर? यावर त्याच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

साडू अजून 50,000 च सांगतात. परवाच्या साखरपुड्यातही सांगितले. मी शेजारीच बसलो होतो.