मान वळली, पण दिसलं काय?

आज डिचोलीत पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शाळेच्या अंगणात खडूने रस्ता आखला. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि कार्डपेपरचे लाल-हिरवे सिग्नल. काही मुलं स्कूटर झाली, काही पादचारी. (हॉर्न वाजवायला सगळेच तयार!)

"आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे" हे सगळ्यांना तोंडपाठ. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून पहिली गाडी उजवीकडूनच येते. मुलांनी माना झटाझट फिरवल्या आणि चालू पडली. मग प्रत्येक स्कूटरच्या हातात रंगीत कागद दिला आणि पादचाऱ्याला विचारलं, कुठला रंग दिसला? एकजण ठामपणे म्हणाला, "टीचर, हांवें पळयलें!" बघितलं म्हणे, रंग मात्र सांगता येईना. या वयात मान वळवणं म्हणजेच बघणं असं त्यांना वाटतं. रंग सांगायची अट घातल्यावर मुलं खरंच थांबून बघू लागली.

मग बाकं मांडून थांबलेली बस केली, त्यावर चादर टाकली. बसच्या पुढून निघालेल्या मुलीला मागून येणारी स्कूटर दिसेना आणि स्कूटरवाल्यालाही ती दिसेना. दोघं धडकली, खूप हसली. पण नंतर दोघांना जागा बदलून बघायला सांगितलं, तेव्हा कळलं.

कागदी हिरवा दिसताच धावणं काही सुटलं नाही. अंगणातलं रस्त्यावर लगेच उतरतं असंही नाही. तेव्हा पालकांनो, हात धराच, आणि बस निघून गेल्यावरच रस्ता ओलांडा. ओलांडताना रंगाचा प्रश्नही विचारा.