सव्वाबारा ते साडेबारा

सार्वजनिक उत्सवाआधी स्वयंसेवकांना कामवाटपाचा जो निरोप जातो, तो लिहिणारा निवांत बसून लिहितो. वाचणारा मात्र तो खऱ्या अर्थाने वाचतो ते उत्सवाच्या दिवशी, गर्दीत उभ्या-उभ्या, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कोणीतरी सोपवलेले पत्रकांचे बाड घेऊन. आधी आलेला निरोप त्याने घरी नुसता चाळलेला असतो आणि होकाराचे अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळा झालेला असतो. असे निरोप मी लिहिले आहेत आणि त्याहून अधिक वाचले आहेत. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की निरोपाची परीक्षा तो पाठवताना होत नाही, ती दुपारी सव्वाबाराला प्रवेशद्वारावर होते.

त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या माणसाला चारच गोष्टी हव्या असतात: मी नेमके कुठे उभे राहायचे, किती वाजेपर्यंत, माझ्या जागी कोण येणार आणि अडले तर कोणाला फोन करायचा. पुष्कळ निरोपांत ही उत्तरे असतात, पण आभार आणि उत्साहाचे दोन परिच्छेद ओलांडल्यावर, आणि तीही एका मोठ्या तक्त्याच्या छायाचित्रात, जे दोन बोटांनी ताणत-ताणत आपले नाव शोधावे लागते. तो तक्ता जागांच्या क्रमाने लावलेला असतो, कारण आयोजकाला कोणती जागा रिकामी आहे हे पाहायचे असते. स्वयंसेवकाला तोच तक्ता नावांच्या क्रमाने हवा असतो. माहिती एकच, मांडणी दोन. आणि पाठवायची ती दुसरी, तीही चित्र म्हणून नव्हे तर साध्या मजकुरात, म्हणजे आपले नाव टाकून शोधता येते. एकाच नावाचे दोघे असतील तर आडनावही लिहावे, नाहीतर एका जागी दोघे येतात आणि दुसरी जागा ओस पडते.

आता पाळ्यांचे पाहू. समजा, उत्सव सकाळी १० ते संध्याकाळी ६ असा आहे आणि प्रवेशद्वारावर एका वेळी दोघे लागतात. पहिल्यांदा आखणी करणारा माणूस बहुधा १० ते २ आणि २ ते ६ अशा दोन पाळ्या करतो. कागदावर त्या फार नेटक्या दिसतात. प्रत्यक्षात १० वाजता दार उघडते तेव्हा स्वयंसेवक नुकताच पोचलेला असतो आणि हातपट्ट्या कुठे ठेवल्या आहेत हेही त्याला ठाऊक नसते. शिवाय सलग चार तास दारात उभे राहून शेवटच्या तासात कोणी धड हसत नाही आणि धड मोजतही नाही. मुख्य म्हणजे २ वाजता दोघेही एकदमच निघतात आणि नवे दोघे एकदमच येतात. सकाळपासून साठलेले सगळे बारीकसारीक ज्ञान, म्हणजे चाकाची खुर्ची कोणत्या बाजूने आत न्यायची, कोणत्या वाहनाला मागच्या फाटकाने सोडायचे ठरले आहे, हे त्या मिनिटाला दारातून बाहेर पडते.

त्यापेक्षा पाळ्या सुमारे तीन तासांच्या ठेवाव्यात, पहिली ९:३० ला सुरू करावी आणि प्रत्येक पाळी पुढच्या पाळीवर पंधरा मिनिटे चढवावी. पहिली व्यक्ती ९:३० ते १२:३० असेल, तर तिच्या जागी येणारी १२:१५ ला हजर होते; दुसरी व्यक्ती मात्र अर्धा तास उशिरापर्यंत, म्हणजे १ पर्यंत थांबते आणि तिची बदली १२:४५ ला येते. अशाने दारावर जुने माणूस कायम असते. ही पंधरा मिनिटे आयोजकांना वाया गेल्यासारखी वाटतात आणि माणसे कमी पडली की सर्वांत आधी तीच कापली जातात. मी म्हणेन, एखादी जागा कमी करा, पण ही वेळ राहू द्या. निरोपात तिचे कारणही एका वाक्यात लिहावे, कारण कारण कळले नाही तर १२:१५ चे १२:३० आपोआप होते: ‘तुमची जागा घेणारी व्यक्ती १२:१५ ला येईल. तिला दाराची माहिती देऊन, हातपट्ट्यांची पेटी सोपवून १२:३० ला निघावे. ती आली नाही, तर जागा न सोडता संपर्क व्यक्तीला फोन करावा.’

या तीन वाक्यांतले शेवटचे वाक्य बहुतेक निरोपांत नसते. बदली आली नाही तर काय करायचे, हे न सांगितल्यामुळे सज्जन माणूस आणखी दोन तास उभा राहतो आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही. जरा कमी सज्जन माणूस निघून जातो. दोघांचाही दोष नाही.

कामाचे वर्णन करतानाही हाच नियम लावावा. ‘मंचाजवळ मदत’ असे लिहिले की तिथे पाच जण हात बांधून कार्यक्रम बघत उभे राहतात. ‘पुढच्या सादरीकरणाचे कलाकार दहा मिनिटे आधी मंचाच्या पायऱ्यांपाशी आणून ठेवणे’ असे लिहिले, तर काम एकाचे होते आणि ते झाले की नाही हे कोणालाही दिसते.

राहिला संपर्क. ही व्यक्ती एकच असावी, हे सगळे मान्य करतात, आणि मग सर्वांत तडफदार माणसाला ते काम देऊन त्याच्याच गळ्यात मंचाचे संचालनही बांधतात. ऐन कार्यक्रमात त्याचा फोन खिशात मुका होऊन पडलेला असतो. संपर्क व्यक्तीला दुसरी कोणतीही पाळी नसावी. तिचे काम फोन उचलणे आणि दोन-तीन राखीव स्वयंसेवकांपैकी एकाला रिकाम्या जागी धाडणे, एवढेच. मोठ्या गर्दीत फोन लागेनासे होतात, म्हणून क्रमांकाबरोबर तिची बसण्याची जागाही लिहावी, म्हणजे चालत जाता येते. ‘काही अडचण आल्यास समूहावर कळवा’ हे वाक्य तर मी दिसेल तिथे खोडतो, कारण समूहावरची हाक प्रत्येकाला दुसऱ्यासाठीच असल्यासारखी ऐकू येते. अपवाद एकच, आणि तो ठळक लिहावा: कोणाच्या जिवावर बेतले असेल तर आधी आपत्कालीन सेवेला फोन, मग संपर्क व्यक्तीला.

होकारही याच व्यक्तीकडे यावा, अमुक तारखेपर्यंत, आणि त्यात स्वतःची जागा व वेळ लिहून. म्हणजे वाचले आहे की नाही ते कळते. गप्प राहिलेल्यांना होकारात धरू नये, त्यांना फोन करावा. पाळ्या बदलल्या तर जुन्या निरोपाखाली ‘हा बदल लक्षात घ्यावा’ असे शेपूट न जोडता, ‘सुधारित’ हा शब्द, तारीख आणि वेळ वर घालून संपूर्ण निरोप पुन्हा पाठवावा व जुना काढून टाकावा.

शेवटच्या पाळीला बदली नसते, म्हणून तिच्या ओळीत वेगळे लिहावे लागते. दार ६ ला बंद होते, पण पेटी, किल्ल्या आणि उरलेल्या हातपट्ट्या कोणाकडे द्यायच्या हे ठाऊक नसलेली दोन माणसे सात वाजेपर्यंत तिथेच थांबून राहतात. ‘६:१५ ला संपर्क व्यक्ती दारावर येऊन सामान ताब्यात घेईल, त्यानंतर तुम्ही मोकळे’ एवढे लिहावे, आणि संपर्क व्यक्तीने ६:१५ ला खरोखरच यावे.