एका कागदासाठी पाच महिने

मी अमळनेरला शिवणकाम करते. माझ्याकडे मापांची जुनी वही आहे आणि तिच्यात माझ्या मुलीचीही मापं आहेत, कारण दर दिवाळीला तिचा ड्रेस मीच शिवते. 2019 च्या दिवाळीत खांद्यापासून कंबरेपर्यंत 10 इंच आणि सलवार 26 इंच होती. 2021 च्या दिवाळीत सलवार साडेअठ्ठावीस भरली, वरचं माप मात्र सव्वादहा. सलवार आखूड होतेय आणि कुर्ता तसाच बसतोय, हे मला दिसलं होतं. मी म्हटलं, पोर बारीक आहे, म्हणून असेल.

ती पाच वर्षांची असताना मेंदूच्या मागच्या भागात गाठ निघाली, मेड्युलोब्लास्टोमा. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशनचा शेक, मग किमो. ते सगळं 2020 मध्ये संपलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तिथल्या डॉक्टरांनी पोरगी वाचवली.

2022 च्या सुरुवातीला, साडेसात वर्षांची असताना, अंघोळ घालताना मला छातीपाशी गाठ लागली. आम्ही दोघं घाबरलो, पुन्हा तेच आलं की काय. तसं नव्हतं, ती वयात येत होती. सासूबाई म्हणाल्या, "पोर वाढी राहिनी ना, मंग काय चिंता?" आणि खरंच, त्या वर्षी ती 5 सेंटीमीटर वाढली होती. गावातल्या डॉक्टरांनीही तक्त्यावर बोट ठेवून ठीक आहे म्हटलं.

नाशिकच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी त्याच पाच सेंटीमीटरवर बोट ठेवलं. वयात येणारी मुलगी याहून झपाट्याने वाढते, म्हणाल्या. डोक्याला शेक दिल्यावर वाढीचं हार्मोन कमी पडतं, आणि त्याच शेकामुळे पाळीची तयारी लवकर सुरू होऊ शकते. वयात येण्याच्या हार्मोनने जी थोडी उंची मिळते, तिच्याखाली पहिली कमतरता झाकली जाते. वरून सगळं बरं दिसतं आणि आत हाडं पिकत जातात. हाताच्या एक्स-रेत तिचं हाडांचं वय दहा निघालं. म्हणजे वाढायला राहिलेली वर्षं हातची चालली होती.

मग त्यांनी तिला भिंतीला पाठ टेकवून स्टुलावर बसवलं आणि स्टुलापासून डोक्यापर्यंत मोजलं. उंची 117, बसून फक्त 59. या उंचीच्या मुलीला बसून 62 च्या आसपास भरायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मणक्यांना शेक बसला की मणक्यांच्या वाढीच्या जागाच दुखावतात, मग पाय वाढतात आणि धड मागे राहतं. मी पिशवीतून वही काढून दाखवली. त्यांनी फोटो काढून घेतला. शिंपीणबाईची वही कुणी डॉक्टर पहिल्यांदाच बघत असेल. (घरी मोजायचं तर उभी आणि बसलेली, दोन्ही उंची मोजा. नुसती उभी उंची पाहिली तर आमच्यासारखंच फसायला होतं.)

वयात येणं थांबवणारी इंजेक्शनं लगेच सुरू झाली. वाढीच्या हार्मोनसाठी मात्र दोन कागद हवे होते: कॅन्सरच्या डॉक्टरांची संमती, आणि शेकाचा पूर्ण तपशील. संमती एका भेटीत मिळाली, उपचार संपून वर्षाहून जास्त झालं होतं आणि एमआरआय स्वच्छ होता.

दुसऱ्या कागदाने पाच महिने खाल्ले.

आमच्या डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती, 54 ग्रे, 30 दिवस. ग्रे म्हणजे शेकाचं माप. डॉक्टरांनी विचारलं, हे सगळं डोक्याला की मणक्यालाही? मणक्याला किती? मला काय माहीत. मी रोज बाहेरच्या बाकावर बसून होते एवढंच.

ज्या रुग्णालयात शेक झाला त्याचं नाव लिहीत नाही. रात्रीच्या गाडीने गेलो, सकाळी रेकॉर्डच्या खिडकीवर उभे राहिलो. पहिल्या खेपेला अर्ज चुकीच्या नमुन्यात होता. दुसऱ्या खेपेला आधारकार्ड मुलीचं होतं, वडिलांचंही हवं होतं. तिसऱ्या खेपेला फाइल सापडली, पण तिच्यात तीच ओळ, 54 ग्रे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ताई, फाइलमध्ये आहे तेवढंच आहे." मी म्हटलं, मशीनवर रोज किती दिलं ते कुठेतरी लिहिलं असेल ना? तो म्हणाला, ते आमच्याकडे नसतं. कुणाकडे असतं, ते सांगितलं नाही. मी तिथेच मोठ्याने बोलले, यांनी हात धरून बाहेर आणलं. परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

नंतर फोनवर एका परिचारिकेने सांगितलं की शेकाच्या विभागाचा नंबर वेगळा असतो, रुग्णालयाच्या नंबरने त्यांची नोंद सापडत नाही. तो नंबर कार्डावर नव्हता. मग मला साचा आठवला. शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा पांढरा जाळीदार प्लॅस्टिकचा मुखवटा, शेवटच्या दिवशी पोरीने हट्टाने घरी आणलेला. पेटीत गोधड्यांखाली होता. नाकाची, हनुवटीची तेव्हाची छोटी घडण तशीच. कपाळावर चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनाने तिचं नाव आणि नंबर.

चौथ्या खेपेला थेट शेकाच्या विभागात गेलो, साचा पिशवीत घेऊन. तिथल्या फिजिक्सवाल्या बाईंनी नंबर टाइप केला आणि दहा मिनिटांत दोन पानं छापून दिली. दहा मिनिटं! पूर्ण डोकं आणि पूर्ण मणका 23.4 ग्रे, 13 दिवसांत. नंतरचे 17 दिवस फक्त गाठीच्या जागी 30.6. एकूण 54 चा हिशेब तिथे लागला.

त्या दोन पानांवरून नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की मणक्याची जी वाढ गेली ती हार्मोनने भरून येणार नाही, फायदा मुख्यतः पायांना होईल. माझी उंची 157, यांची 168, त्या हिशेबाने मुलगी 156 च्या आसपास जायला हवी होती. आता दीडशेच्या आतच राहील. हे ऐकून मी रडले, पण खोटी आशा दिली नाही याचं बरंही वाटलं.

हे आधी लिहायला हवं होतं. गावातल्या लॅबमध्ये आयजीएफ-1 केलं होतं, वाढीच्या हार्मोनचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ते नॉर्मल आलं होतं. डोक्याला शेक झालेल्या मुलांत त्या एका आकड्यावर विसंबता येत नाही. खरी तपासणी उपाशीपोटी गोळी देऊन, दर अर्ध्या तासाने रक्त घेऊन होते. गोळीने रक्तदाब उतरतो, पोर दिवसभर गुंगीत होती, त्यामुळे लगेच प्रवासाला निघू नका. वाढीच्या हार्मोनचा तिचा सगळ्यात वरचा आकडा 3.1 आला, निदान सात तरी हवा होता. थायरॉइडलाही नुसतं टीएसएच पुरत नाही, फ्री टी4 मागून घ्या. बिघाड मेंदूकडून असेल तर टीएसएच साळसूद दिसतं.

वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज रात्री, पेनने. फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, पण गोठू द्यायचं नाही. मे महिन्यात लाइट गेली की मी पेन थर्मासमध्ये बर्फाच्या वर रुमाल घालून ठेवते.

आता ती अकराची आहे. पहिल्या वर्षी 7 सेंटीमीटर वाढली, तीन वर्षांत सोळा, आज 133. त्यातले बसून फक्त साडेतीन. दर भेटीला पाठ वाकवून मणका तपासतात, कारण भरभर वाढताना बाक येऊ शकतो. या दिवाळीला सलवार 32 घेतली, वरचं माप पावणेबारा. कुर्त्याची कंबर मी आता थोडी वर घेते.