निकालाची वाढ: टक्के की टक्केबिंदू?

“सर, नववीचा गणिताचा निकाल ६० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेला. अहवालात वाढ १५ टक्के लिहू की २५ टक्के?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: १५ टक्केबिंदू असे लिहावे, आणि त्याच वाक्यात ६० व ७५ हे दोन्ही आकडे द्यावेत. नाशिकच्या ज्या शाळेत मी गणित शिकवतो, तिथे एप्रिलअखेर निकालपत्रके तयार होऊ लागली की सहकारी शिक्षक हाच प्रश्न घेऊन येतात आणि बहुतेकांना दोन्हींपैकी एक उत्तर चूक असावे असे वाटत असते. वस्तुतः दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

तुमचाच वर्ग समोर ठेवू. गेल्या वर्षी ५० विद्यार्थ्यांपैकी ३० उत्तीर्ण झाले, म्हणजे निकाल ६० टक्के. या वर्षी ४८ पैकी ३६ उत्तीर्ण झाले, म्हणजे ७५ टक्के. या दोन टक्केवारींची सरळ वजाबाकी १५ येते आणि तिचे एकक टक्केबिंदू आहे. २५ हा आकडा मिळवण्यासाठी या १५ ला गेल्या वर्षीच्या ६० ने भागावे लागते. तो सांगतो की वाढ जुन्या निकालाच्या एक चतुर्थांश एवढी आहे. (उत्तीर्णांची संख्या ३० वरून ३६ झाली, ही वाढ २० टक्क्यांची आहे, पट बदलल्यामुळे हा तिसराच आकडा निघतो आणि कधीकधी तोही निकालाची वाढ म्हणून अहवालात शिरतो.)

‘निकाल २५ टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य गणिताच्या दृष्टीने खरे असले, तरी ते वाचणारा पालक गेल्या वर्षीच्या ६० मध्ये २५ मिळवतो आणि या वर्षी ८५ टक्के मुले उत्तीर्ण झाली असे समजतो. मूळ आकडा दिलेला नसेल, तर काय घडले ते त्याला शोधूनही काढता येत नाही, कारण ४० वरून ५० वर गेलेला निकालही २५ टक्क्यांनीच वाढलेला असतो.

याहून गंभीर अडचण पायाची आहे. शेकडा बदल नेहमी आधीच्या आकड्यावर काढला जातो, त्यामुळे पुढच्या वर्षी निकाल ७५ वरून परत ६० वर आला, तर ती घट २० टक्के भरते. २५ टक्के चढून २० टक्के उतरलेला वर्ग मूळ जागी पोहोचलेला असतो. हाच निकाल अनुत्तीर्णांच्या बाजूने पाहिला, तर त्यांचे प्रमाण ४० वरून २५ टक्क्यांवर आले आहे, म्हणजे घट ३७.५ टक्के. टक्केबिंदूंमध्ये मात्र चढताना, उतरताना आणि दोन्ही बाजूंनी फरक १५ च राहतो. वर्गांची किंवा वर्षांची तुलना करायची असेल, तर मला म्हणूनच हे माप अधिक प्रामाणिक वाटते.

निकाल नव्वदीच्या पुढे गेला की हा फरक नजरेतून सुटतो. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९५.८१ टक्के होता आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के. ही घट १.७१ टक्केबिंदू आहे आणि शेकडा हिशेबाने सुमारे १.७८ टक्के, म्हणजे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच. पण अनुत्तीर्णांचे प्रमाण ४.१९ वरून ५.९० टक्के झाले, आणि ही शेकडा वाढ जवळपास ४१ टक्के निघते. एकाच निकालावर ‘किंचित घट’ आणि ‘४१ टक्क्यांनी वाढ’ असे दोन्ही मथळे देता येतात. दुसरा मथळा वाचताना कशाचे ४१ टक्के, हे विचारलेच पाहिजे.

गोंधळाचे एक साधे कारण संगणकावरच्या तक्त्यात आहे. `B2` मध्ये गेल्या वर्षीचा आणि `C2` मध्ये या वर्षीचा निकाल टक्केवारीच्या स्वरूपात असेल, तर पुढील दोन्ही सूत्रांचे उत्तर त्याच स्वरूपात, टक्क्याच्या चिन्हासह दिसते:

```
=C2-B2
=(C2-B2)/B2
```

पहिल्याचे 15% दिसते आणि दुसऱ्याचे 25%. म्हणून मी पहिले सूत्र `=(C2-B2)*100` असे लिहितो, त्या रकान्याचे स्वरूप साध्या संख्येचे ठेवतो आणि मथळ्यात ‘फरक (टक्केबिंदू)’ लिहितो.

लहान वर्गाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ४८ च्या पटात एक विद्यार्थी म्हणजे २ टक्केबिंदूंहून थोडे अधिक, त्यामुळे दोन-चार टक्केबिंदूंचा चढउतार एक-दोन मुलांमुळेही होतो आणि त्यावरून अध्यापनाबद्दल निष्कर्ष काढू नये. तुमच्या वर्गातील १५ टक्केबिंदू म्हणजे सुमारे सात मुले. अहवालातील वाक्य असे लिहा: ‘गणितात उत्तीर्णांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून (५० पैकी ३०) ७५ टक्क्यांवर (४८ पैकी ३६) गेले, वाढ १५ टक्केबिंदू.’