तुम्ही विचारलंत म्हणून: एक वाटी वरण

"ताई, एक वाटी वरणात प्रोटीन किती धरायचं?"

आधी सांगा, वाटी कुठली? माझ्याकडे तीन आकाराच्या आहेत. आमटीची वाटी काट्यावर ठेवली, शून्य केलं आणि काठोकाठ पाणी भरलं तर 150 ग्रॅम भरलं, लग्नात आलेल्या सेटमधल्या वाटीत मात्र 110च. आणि काठोकाठ भरून वाढतं कोण, बोटभर खालीच थांबतो आपण, म्हणून मी आमटीच्या वाटीत रोजच्यासारखं वरण वाढून वजन केलं, 140 ग्रॅम आलं. तो आकडा फ्रिजवर चिकटवलाय.

पण 140 ग्रॅम वरण म्हणजे 140 ग्रॅम डाळ नाही, आणि सगळे इथेच गंडतात. कच्च्या तूरडाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रोटीन असतं, तो आकडा घेऊन वाटीला लावला की जवळपास 31 ग्रॅम येतं, वाचून आनंद होतो, पण वाटीत बहुतेक पाणीच असतं हो. मी काय करते, रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवते, डाळ कच्ची असतानाच मोजते, आणि वरण उकळून, पाणी-बिणी घालून झालं की भरलेलं पातेलं मोजून त्यातून पातेल्याचं वजन वजा करते. परवा 100 ग्रॅम डाळीचं 560 ग्रॅम वरण झालं. माझी वाटी 140, म्हणजे बरोब्बर चौथा हिस्सा, म्हणजे 25 ग्रॅम डाळ, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रोटीन. सासूबाई पाणी जास्त घालतात, त्याच डाळीचं 840 ग्रॅम केलं तर तीच वाटी पावणेचार ग्रॅमच्या आसपास येते. म्हणून अ‍ॅपमधल्या "1 katori dal" वर माझा विश्वास नाही, त्यांनी कोणाच्या घरचं वरण धरलंय काय माहीत.

कोरड्या जिन्नसाला वाटी अजूनच फसवते. त्याच वाटीत तूरडाळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसते आणि जाड पोहे त्याच्या निम्मेही नाहीत, तेव्हा प्रत्येक जिन्नस एकदा वेगळा मोजा. दुधाच्या ग्लासाला एवढं डोकं लावू नका, मिली आणि ग्रॅम जवळपास सारखेच, फक्त तुमचा ग्लास 200चा की 250चा ते पाण्याने बघून घ्या.

आणि फोडणीचं तेल! "एक चमचा" म्हणतो आपण, पण हात काही एका चमच्यावर थांबत नाही. तेलाची बाटली काट्यावर ठेवून शून्य करायचं, फोडणीत तेल ओतून बाटली परत ठेवायची, उणे जेवढं दिसेल तेवढं तेल गेलं. माझं पहिल्यांदा उणे 23 आलं, म्हणजे 23 ग्रॅम फॅट, दोनशेच्या वर कॅलरी, आणि मी वहीत 5 लिहीत होते, महिनाभर. साखरेसारखं काही चमच्याने मोजायचं तर एक चमचा ठेवून उपयोग नाही, साध्या काट्याला एखाद्या ग्रॅमचा फरक धड कळत नाही, दहा चमचे वाटीत टाकून दहाने भागा.


कुकर थेट काट्यावर ठेवू नका मात्र, माझा एक काटा तसाच गेला, गरम बुडाने वरचं प्लास्टिक वाकलं. आता खाली पोळपाट ठेवते आणि मग शून्य करते.